टॅनची साक्ष

बारावीच्या गणिताचे पेपर तपासताना दोन तऱ्हेच्या चुका भेटतात. एक चूक लांबूनच दिसते. चिन्ह बदलायचं राहिलेलं असतं, वर्गमूळ काढताना आकडा हुकलेला असतो, किंवा मधली एक ओळच गाळलेली असते. लाल पेन तिथे आपोआप थांबतं. दुसऱ्या तऱ्हेच्या चुकीत प्रत्येक ओळ नीटनेटकी असते, सूत्र बरोबर असतं, आकडेमोड बरोबर असते, आणि मुलाने शेवटी ताळासुद्धा करून पाहिलेला असतो. तरी उत्तर चुकीचं असतं. ही दुसरी चूक एका ठिकाणी हमखास सापडते, ते म्हणजे इन्व्हर्स ट्रिगनॉमेट्रीच्या गणितात, मुख्य मूल्याची मर्यादा विसरलेली असते तिथे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. आमच्याकडे विज्ञान शाखेचं पुस्तक इंग्रजीत, फळ्यावरचं बोलणं मराठीत आणि मुलांच्या शंका वऱ्हाडीत असतात. त्यामुळे वर्गात प्रिन्सिपल व्हॅल्यू, रेंज हे शब्द तसेच चालतात. पण शब्द चालतो म्हणून गोष्ट कळलेली असते असं नाही. रेंजचा तक्ता मुलं पाठ करतात, परीक्षेत विचारला तर लिहितातही. मात्र गणित सोडवायला घेतलं की तो तक्ता वहीच्या पहिल्या पानावरच राहतो.

ज्यांचा गणिताशी संबंध सुटून बरीच वर्षं झाली, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. ३० अंशाचा साईन अर्धा असतो. १५० अंशाचाही अर्धाच असतो. ३९० अंशाचाही तोच. कोन दिला की साईन एकच मिळतो, पण साईन दिला आणि कोन विचारला तर दावेदार अनंत उभे राहतात. फलन म्हणायचं तर एका प्रश्नाला एकच उत्तर हवं. म्हणून एक करार केलेला आहे. sin⁻¹ ने नेहमी −९० ते ९० अंशांमधलाच कोन सांगायचा. cos⁻¹ ने ० ते १८० मधला. tan⁻¹ नेही −९० ते ९० मधलाच, फक्त दोन्ही टोकं वगळून. ही झाली मुख्य मूल्याची रेंज. प्रत्येक इन्व्हर्स फलनाला राहायला एक ठरलेलं घर दिलं आहे, त्याच्या बाहेरचा कोन ते कधी सांगत नाही.

आता sin⁻¹(sin(2π/3)) किती असं विचारलं की निम्मा वर्ग 2π/3 म्हणतो. साईन आणि साईन इन्व्हर्स कटून गेले, आत होतं ते बाहेर आलं. पण 2π/3 म्हणजे १२० अंश, आणि ते sin⁻¹ च्या घरात बसत नाहीत. १२० चा साईन तोच ६० चा. घरात बसणारा कोन ६०, म्हणून उत्तर π/3. हे एकदा दाखवलं की मुलांना पटतं, कारण इथे चूक एका पायरीची आहे आणि डोळ्यांसमोर आहे. खरी अडचण येते ती दोन इन्व्हर्सची बेरीज आली की.

काही वर्षांपूर्वीच्या सराव परीक्षेत मी tan⁻¹2 + tan⁻¹3 ची किंमत काढा असा तीन गुणांचा प्रश्न दिला होता. पेपर वाटल्यावर आर्णीच्या बाजूच्या एका गावाहून एसटीने ये-जा करणारी एक मुलगी उत्तरपत्रिका घेऊन आली. वर्गात फारशी न बोलणारी, पण वही पाहिली की कळायचं, हिचं काम पक्कं आहे. तिने उत्तर −π/4 लिहिलं होतं आणि मी एक गुण कापला होता.

"सर, इथं काहून कापला?" तिने विचारलं. "म्या ताळा करून पाह्यला ना. दोन्हीकडून टॅन घेतला, बरोबर येऊन राह्यला."

तिने ताळा खरंच केला होता. समासात पेन्सिलने लिहिलेला होता. डाव्या बाजूचा टॅन −1, उजव्या बाजूचा टॅन −1. त्याच्याखाली बरोबरची खूण. मग तिने दप्तरातून एक सराव पुस्तिका काढली. कुठली ते सांगण्यात अर्थ नाही, अशा पुस्तिका दर वर्षी निघतात आणि दर वर्षी रद्दीत जातात. तिच्या मागच्या पानावर याच गणिताचं उत्तर −π/4 छापलेलं होतं.

म्हणजे तिच्या बाजूने तीन साक्षीदार होते. पुस्तकातलं सूत्र, तिने स्वतः केलेला ताळा आणि छापील उत्तर. विरुद्ध बाजूला होतं फक्त माझं लाल पेन. "रेंज बघ" एवढं म्हणून तिला परत पाठवता आलं असतं. पण तिचा प्रश्न एका गुणाच्या पुढचा होता. ताळा करा, ताळा करा असं आम्हीच वर्षभर सांगतो. ताळा करूनही उत्तर चुकत असेल, तर मुलाने भरवसा कशावर ठेवायचा?

मी म्हटलं, "बस बेटा. एकेक ओळ बघू."

पहिली ओळ: समजा a = tan⁻¹2 आणि b = tan⁻¹3. म्हणजे tan a = 2, tan b = 3. इथवर ठीक.

दुसरी ओळ, बेरजेचं सूत्र:

tan(a + b) = (2 + 3) / (1 − 2·3) = 5/(−5) = −1

हेही ठीक. या ओळीत कुणीही चूक काढू शकणार नाही.

तिसरी ओळ: म्हणून a + b = tan⁻¹(−1) = −π/4.

चूक आहे ती या तिसऱ्या ओळीतल्या 'म्हणून'मध्ये. दुसरी ओळ एवढंच सांगते की a + b हा असा कोन आहे ज्याचा टॅन −1 आहे. असे कोन पुष्कळ आहेत: −४५, १३५, ३१५, −२२५. टॅन दर १८० अंशांनी तोच तो आकडा पुन्हा देतो. त्यातला −४५ आपण निवडला, कारण tan⁻¹ च्या घरात तोच बसतो. पण त्या घराचं बंधन tan⁻¹ ला आहे. a + b ही दोन कोनांची बेरीज आहे, तिने त्या घरात राहण्याचा करार कुठेही केलेला नाही. a घरात आहे, b घरात आहे, पण दोघांची बेरीज घराबाहेर जाऊ शकते. साठ आणि सत्तर दोन्ही नव्वदच्या आत असतात, बेरीज मात्र एकशे तीस होते.

आता तिचे तीन साक्षीदार पाहू. सूत्राने काय केलं? a + b चा टॅन काढला. ताळ्याने काय केलं? a + b चा टॅन काढला आणि −π/4 चा टॅन काढून शेजारी ठेवला. छापील उत्तर कुठून आलं? ज्याने ते लिहिलं त्यानेही तेच सूत्र वापरलं. म्हणजे साक्षीदार तीन दिसत होते, पण पाहणारा डोळा एकच होता, टॅनचा. आणि टॅनला −४५ आणि १३५ यांतला फरक दिसतच नाही. ज्याला फरक दिसत नाही त्याला कितीही वेळा विचारलं तरी तो "सारखेच आहेत" असंच म्हणणार. तो खोटं बोलत नाही, पण त्याची साक्ष या खटल्यात उपयोगाची नाही.

फरक नेमका कुठे पुसला गेला तेही दाखवता येतं. दुसऱ्या ओळीत 5/(−5) आलं होतं. वर धन, खाली ऋण. त्याच्या जागी (−5)/5 आलं असतं तरी भागाकार −1 च झाला असता. भागाकार करताच ऋण चिन्ह वरच्याचं होतं की खालच्याचं, ही माहिती गेली. आलेखावर पाहिलं तर डावीकडे ५ आणि वर ५ गेलेला बिंदू १३५ अंशांच्या दिशेला असतो. उजवीकडे ५ आणि खाली ५ गेलेला −४५ अंशांच्या दिशेला. आरंभबिंदूवरून पाहिलं तर दोन्ही बिंदू एकमेकांच्या बरोबर पाठीमागे. टॅन त्या दोघांना जोडणारी रेघ ओळखतो, रेघेचं कुठलं टोक ते ओळखत नाही.

"मंग ताळा कसा करायचा?" तिने विचारलं.

ताळा अशा वाटेने करायचा की जिथे टॅन मध्ये येत नाही. या गणितात ती वाट फार सोपी आहे: कोन केवढा आहे ते बघायचं. tan 45° = 1 हे प्रत्येकाला माहीत असतं. २ हा १ पेक्षा मोठा, म्हणून tan⁻¹2 हा ४५ अंशांपेक्षा मोठा. ३ ही १ पेक्षा मोठा, म्हणून tan⁻¹3 ही ४५ पेक्षा मोठा. आणि दोन्ही ९० च्या आत, कारण ते त्यांचं घर आहे. मग बेरीज ९० आणि १८० च्या मध्ये असणार. दोन धन कोनांची बेरीज ऋण येऊच शकत नाही, एवढ्यावरच −४५ बाद झाला. ९० ते १८० मध्ये टॅन −1 असलेला कोन एकच, १३५. उत्तर 3π/4.

यात नवीन सूत्र काही नाही. दोन्ही बाजूंनी कुंपण घालायचं आणि कुंपणाच्या आत कोण बसतं ते बघायचं. ज्यांना आकडेच पाहायचे आहेत त्यांनी घरी कॅल्क्युलेटर घ्यावा: tan⁻¹2 साधारण ६३.४३ अंश, tan⁻¹3 साधारण ७१.५७ अंश, बेरीज १३५. बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पण कुंपण घालायला तो लागतही नाही.

पुस्तकात या सूत्रासोबत एक अट असते: x आणि y धन असतील आणि xy < 1 असेल तर tan⁻¹x + tan⁻¹y = tan⁻¹((x + y)/(1 − xy)). xy > 1 असेल तर उजवीकडे π मिळवायचा. मुलं सूत्र पाठ करतात आणि अट गाळतात. अट गाळली जाते, कारण ती का आहे हे सांगितलेलं नसतं. कारण मात्र दोन वाक्यांत मावतं. tan⁻¹2 आणि tan⁻¹(1/2) यांची बेरीज बरोबर ९० अंश होते, कारण काटकोन त्रिकोणात एका लघुकोनाचा टॅन २ असेल तर दुसऱ्याचा अर्धा असतो. म्हणजे xy = 1 ही ९० अंशांची वेस आहे. y त्याहून थोडा मोठा केला की बेरीज वेशीबाहेर गेली, आणि वेशीबाहेरचा कोन tan⁻¹ सांगू शकत नाही. तो त्याच रेघेचं दुसरं टोक, १८० अंश मागचं, सांगतो. म्हणून आपण π मिळवून त्याला परत जागेवर आणायचं. २ गुणिले ३ म्हणजे ६, वेशीच्या पुष्कळ बाहेर.

आता याच्या उलट बाजूचं गणित बघा, कारण तिथे मुलं बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने लिहितात आणि तपासणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते. समीकरण असं:

tan⁻¹2x + tan⁻¹3x = π/4

हे गणित वर्षानुवर्षं सगळीकडे आहे. टॅन घेतला की 5x/(1 − 6x²) = 1, म्हणजे 6x² + 5x − 1 = 0, आणि x = 1/6 किंवा x = −1. दोनातलं एक बाद करायचं हे मुलांना माहीत असतं. बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच ओळ असते: "x ऋण असू शकत नाही, म्हणून x = 1/6." उत्तर बरोबर आहे. कारण मात्र मनाने तयार केलेलं आहे. x ऋण असू शकत नाही असं कुणी सांगितलं? tan⁻¹ ला ऋण संख्या चालते.

खरं कारण x = −1 ठेवून पाहिलं की दिसतं. डावी बाजू tan⁻¹(−2) + tan⁻¹(−3) होते. दोन्ही कोन ऋण, बेरीज −१३५ अंश. उजवीकडे हवे होते ४५. दोहोंमध्ये १८० अंशांचं अंतर आहे, आणि टॅनला ते दिसत नाही: tan(−135°) ही 1 आणि tan 45° ही 1. म्हणूनच −1 हे उत्तर समीकरणात शिरलं. दोन्ही बाजूंचा टॅन घेतला तेव्हा दार उघडलं आणि सोबत एक परका आत आला.

हे कारण मुलाला कळलं आहे का, ते ओळखायची एक साधी युक्ती आहे. उजवीकडचं चिन्ह बदलायचं:

tan⁻¹2x + tan⁻¹3x = −π/4

आता समीकरण 6x² − 5x − 1 = 0 होतं आणि x = 1 किंवा x = −1/6. "ऋण ते बाद" म्हणणारा इथे 1 ठेवतो आणि −1/6 टाकून देतो. पण x = 1 ठेवलं की डावी बाजू तीच आपली tan⁻¹2 + tan⁻¹3, म्हणजे १३५ अंश. उजवीकडे तर −४५ आहेत. म्हणून इथे धन उत्तर बाद आणि ऋण उत्तर खरं. पहिल्या गणितात पूर्ण गुण मिळवणारी दोन मुलं या दुसऱ्या गणितात वेगळी पडतात, आणि कुणाला काय समजलं होतं ते तेव्हा कळतं.

त्या मुलीला हे सगळं पटलं, पण तिची एक शंका उरली. "हे फक्त पेपरातच असते का सर? खऱ्यात कुठं लागते?" मग मी तिला सावलीचं सांगितलं. ते इथेही सांगतो, कारण यवतमाळकराला त्यासाठी अंगणाबाहेर जावं लागत नाही.

यवतमाळ विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २०.४ अंशांवर आहे. सूर्य आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तरेला जास्तीत जास्त २३.४ अंशांपर्यंत जातो. त्याच्या या उत्तर-दक्षिण अंतराला क्रांती म्हणतात. क्रांती २०.४ झाली की भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. यवतमाळात ती वेळ बाराच्या ठोक्याला येत नाही, सव्वाबाराच्या सुमारास किंवा थोडी नंतर येते. आता प्रश्न असा: सावली शून्य झाली, तर सूर्य आपल्या वार्षिक वाटेवर कुठे आहे? वसंत संपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या जागेपासून, सूर्य किती अंश पुढे गेला ते λ धरलं, तर नातं असं:

sin(20.4°) = sin(23.4°) × sin λ

यातून sin λ साधारण ०.८८ येतो. कॅल्क्युलेटरवर sin⁻¹ दाबा, उत्तर मिळेल सुमारे ६१ अंश. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो, त्यामुळे हा दिवस २२ मेच्या आसपासचा. कॅल्क्युलेटर एवढंच सांगून थांबतो. पण सावली वर्षातून दोनदा शून्य होते. दुसरा कोन १८० वजा ६१, म्हणजे ११९ अंश, आणि तो दिवस २१ जुलैच्या आसपासचा. तो sin⁻¹ च्या घराबाहेर आहे म्हणून यंत्राने सांगितला नाही.

"म्हणजे कॅल्क्युलेटर आपला मे महिनाच सांगते," ती म्हणाली.

हो, मे महिनाच. त्याला कधीही विचारा. आणि कुठला महिना चालू आहे हे सावलीकडे बघूनही कळत नाही, कारण दोन्ही दिवशी सावली सारखीच शून्य. ते कळायला दुसरीकडे बघावं लागतं. मेमध्ये रान मोकळं असतं, वखरून पडलेलं, आणि ऊन डोळ्यांत खुपतं. जुलैमध्ये पऱ्हाटी वर आलेली असते, शेतात डवरे फिरत असतात, आणि ढगांमुळे बरेचदा ती शून्य सावली दिसतही नाही. हा ऋतू म्हणजे आपल्या गणितातलं कुंपण. साईनने पुसून टाकलेली माहिती शेतात शाबूत असते.

आपल्याकडच्या जुन्या ज्योतिष्यांना ही अडचण चांगली ठाऊक होती. त्यांच्या ज्यांच्या कोष्टकात एका पदापुरत्याच, म्हणजे ० ते ९० अंशांच्याच किमती असत. सूर्यसिद्धान्तात त्रिप्रश्नाधिकार नावाचा अध्याय आहे. मध्यान्हीच्या सावलीवरून सूर्य कुठे आहे ते काढण्याची रीत त्यात दिली आहे. सावलीवरून क्रांती, क्रांतीवरून ज्या, ज्येवरून चाप. पण चाप मिळाला की तिथे थांबत नाहीत. सूर्य मेषेपासूनच्या पहिल्या पदात असेल तर चाप तसाच घ्यायचा. कर्केपासूनच्या दुसऱ्या पदात असेल तर तो अर्ध्या चक्रातून वजा करायचा. तुळेपासूनच्या तिसऱ्यात अर्ध्या चक्रात मिळवायचा, आणि मकरेपासूनच्या चौथ्यात पूर्ण चक्रातून वजा करायचा. आमच्या सावलीचं जुलैचं उत्तर म्हणजे यातला दुसरा नियम: १८० वजा ६१. चाप हे उत्तर नव्हे, पद ठरवल्यावर जे मिळतं ते उत्तर, ही समज त्या रीतीतच बसवलेली आहे. आपल्या मुलांच्या तिसऱ्या ओळीत नेमकं हे पद ठरवणंच राहून जातं.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर रेंज म्हणजे काहीतरी अटळ सत्य आहे असा समज होईल. रेंज हा करार आहे, आणि सगळ्यांचा करार सगळीकडे सारखा नाही. cot⁻¹(−1) चं उदाहरण घ्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत cot⁻¹ चं घर ० ते १८० अंश आहे, त्यामुळे उत्तर 3π/4. मॅथेमॅटिका या संगणकीय प्रणालीत मात्र हेच फलन −९० ते ९० मध्ये राहतं आणि उत्तर −π/4 मिळतं. दोघंही आपापल्या करारानुसार बरोबर. म्हणून एखाद्या मुलाने cot⁻¹ किंवा sec⁻¹ च्या गणितात वेगळं उत्तर लिहिलं, तर आधी त्याने कुठला करार धरला ते मी बघतो. परीक्षेत पाठ्यपुस्तकाचा करार चालतो, आणि तो सोडला तर गुण जातात. तरी ती चूक आणि tan⁻¹2 + tan⁻¹3 ची चूक एका जातीच्या नाहीत. tan⁻¹ च्या कराराबद्दल कुणाचंच दुमत नाही. दोन धन कोनांची बेरीज ऋण येणं हे कुठल्याच करारात बसत नाही.

राहिला गुणांचा प्रश्न. स्टाफरूममध्ये यावर दोन मतं असतात. एक म्हणतं, उत्तर चुकलं म्हणजे चुकलं. दुसरं म्हणतं, रीत बरोबर आहे, शेवटच्या चिन्हासाठी मुलाला कशाला मारायचं. मी या प्रश्नात पहिल्या दोन ओळींचे दोन गुण देतो आणि तिसऱ्या ओळीचा एक कापतो. लाल गोल मात्र −π/4 ला करत नाही, 'म्हणून' या शब्दाला करतो. उत्तराला गोल केला तर मूल खरं उत्तर तेवढं पाठ करतं. 'म्हणून'ला गोल केला तर त्याला विचारायला यावं लागतं, आणि ते आलं की बोलता येतं. शिवाय या दोन गुणांची चैन बोर्डाच्या लेखी पेपरपुरतीच आहे. सीईटीत गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात आणि पायऱ्यांना काहीच नाही. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक आपल्याइतकीच माहीत असते. चार पर्यायांत −π/4 आणि 3π/4 शेजारी शेजारी ठेवलेले असतात. ज्याने टॅन घेऊन ताळा केला त्याला पहिला पर्याय दिसताच समाधान वाटतं, आणि तो निर्धास्तपणे पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

त्या मुलीचा एक गुण मी वाढवला नाही, तिनेही पुन्हा मागितला नाही. सराव पुस्तिकेतल्या छापील उत्तरावर तिने पेनाने काट मारली आणि शेजारी कुंपण लिहिलं: ९० ते १८०. तेव्हापासून मी हा धडा शिकवताना सूत्र फळ्यावर उशिरा लिहितो. आधी फक्त गणित लिहितो आणि विचारतो, उत्तर कुठून कुठपर्यंत असू शकतं? मुलं आकडे सांगतात, भांडतात, ४५ वर की खाली यावर मत देतात. कुंपण घालून झालं की मग सूत्र. सूत्रातून −π/4 बाहेर आलं की वर्गातलं कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडतंच, "सर, हा तर बाहेर चालला!"